चार सेंटिमीटरची फट

मोहोपाड्याच्या बाजारपेठेतून पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालं की दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाड्यांच्या शेड लागतात. काही जुन्या, काही उभ्या राहत असलेल्या. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सने रसायनीत बस्तान बसवलं तेव्हापासून या परिसरात पोलादी खांब रोवण्याचं काम बहुधा कधी पुरतं थांबलेलंच नाही. बांधकाम चालू असलेली एखादी शेड दिसली तर खांबाच्या तळाशी वाकून पाहावं. खांब काँक्रीटला टेकलेलाच नसतो! खाली जाड पोलादी पाटी, तिच्या चार कोपऱ्यांतून वर आलेले चार बोल्ट, आणि पाटी व काँक्रीट यांच्यामध्ये चांगली चार-पाच सेंटिमीटरची मोकळी फट. पलीकडचा उजेड त्या फटीतून आरपार दिसतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काम चुकलंय, काँक्रीट कमी पडलं. पण ती फट मुद्दाम ठेवलेली असते, नकाशात दाखवलेली असते. साऱ्या इमारतीचा भार जमिनीत उतरतो तो नेमका याच फटीतून, आणि ती भरली जाते सर्वांत शेवटी, खांब उभे करून ओळंब्यात आणल्यावर.

फट का ठेवायची? कारण पोलाद आणि काँक्रीट ही दोन वेगळ्या शिस्तीची सामग्री आहे. खांब वर्कशॉपमध्ये तयार होतो. त्याची लांबी, पाटीची भोकं, वरच्या जोडांची छिद्रं हे सगळं मिलिमीटरच्या हिशेबात बसतं, कारण वरची तुळई आणून लावताना छिद्रावर छिद्र यावंच लागतं. फुटिंग आणि त्यावरचा ठेंगणा काँक्रीटचा खांब, म्हणजे पेडेस्टल, मात्र खड्ड्यात, चिखलात, फळ्यांच्या सेंटरिंगमध्ये ओतलेला असतो. त्याचा माथा सेंटिमीटरभर वरखाली होणं अगदी नेहमीचं. वीस पेडेस्टल ओतले तर वीसही माथे एका पातळीत मिळत नाहीत. म्हणून माथा चार सेंटिमीटर खालीच ठेवायचा, पाटी बोल्टांवरच्या नटांच्या आधाराने नेमक्या उंचीवर धरायची आणि राहिलेली जागा ग्राउटने भरायची. काँक्रीटची सगळी चूक त्या फटीत जिरते.

आता बोल्टांकडे वळू. बहुतेकांचा समज असा की अँकर बोल्ट खांबाला पेलून धरतात. शेड चालू वापरात असताना ते जवळजवळ काहीच पेलत नाहीत. खांबाचं ओझं पाटीवरून ग्राउटमध्ये आणि तिथून काँक्रीटमध्ये जातं. बोल्टांचं खरं काम उलट आहे. शेड वर उडू नये म्हणून ते तिला खाली ओढून धरतात.

हे पटायला एक हिशेब करून पाहावा. समजा मोहोपाड्याजवळच्या एका भूखंडावर २० मीटर रुंदीची शेड आहे आणि खांब दर ६ मीटरवर आहेत. म्हणजे एका खांबाच्या वाट्याला १० गुणिले ६, एकूण ६० चौरस मीटर छप्पर आलं. वाऱ्याच्या भारतीय संहितेत, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. ताशी १५८ किलोमीटर. तोच इथे धरू. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो, तो चौरस मीटरला साधारण ११८ किलो भरतो. संहितेतले बारीक गुणक बाजूला ठेवू. वारा छपरावरून जाताना वर ओढ निर्माण करतो आणि उघड्या दारांतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. दोन्ही मिळून ओढ या दाबाइतकी सहज होते. पावसाळ्यात उलटी होणारी छत्री हेच करत असते. साठ चौरस मीटरवर ही ओढ सात टन होते.

याउलट छपराचं स्वतःचं वजन किती? पत्रा, पर्लिन, राफ्टर सगळं धरून चौरस मीटरला तीस किलो म्हटलं तर एका खांबाच्या वाट्याला १.८ टन. सात टन वर, पावणेदोन टन खाली. पाच टनांहून जास्त ओढीने हा खांब जमिनीतून वर यायला बघतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे होते. ताशी १२० ला हाच हिशेब केला तर चौरस मीटरला ६५ किलोंहून जास्त येतात. हलक्या छपराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक.

संहिता सुरक्षेसाठी वारा दीडपट धरायला लावते आणि वजन दहा टक्क्यांनी कमी. मग ओढ नऊ टनांच्या घरात जाते. २४ मिलिमीटर व्यासाचा साध्या ४.६ प्रतीचा एक बोल्ट आट्यांपाशी ताणात दहा टन घेऊ शकतो. म्हणजे सरळ ओढीपुरता एकच पुरला असता. चार कशासाठी? कारण वारा खांबाला आडवाही ढकलतो आणि तळाशी वाकवतो. आणि मुख्य म्हणजे शेड उभी करताना मधला एक काळ असा असतो की खांब एकटा उभा असतो. हायड्राने तो बोल्टांवर आणून ठेवलेला, वरची तुळई अजून आलेली नाही, फट रिकामी, आणि रिगर वर चढलेला. त्या वेळी खांबाला वाचवणारे फक्त हे चार बोल्ट असतात. अमेरिकेत कामगार-सुरक्षेच्या नियमात प्रत्येक खांबाला किमान चार अँकर बोल्ट सक्तीचे आहेत आणि हिशेबही दिलेला आहे: खांबाच्या माथ्याशी, बाहेरच्या कडेपासून ४६ सेंटिमीटर अंतरावर १३६ किलो वजन लटकवलं तरी तळ टिकला पाहिजे. हे वजन म्हणजे अवजारांसकट वर चढलेला माणूस, हे कुणी सांगावं लागत नाही. मला हा नियम बांधकामाच्या सर्व नियमांत फार माणुसकीचा वाटतो.

नऊ टनांची ओढ बोल्टाने घेतली, पुढे ती कुठे जाते? काँक्रीटमध्ये रुतलेला बोल्ट ओढला की तो गुळगुळीत सरकून बाहेर येत नाही. बुडाशी डोकं किंवा चौकोनी पट्टी असेल तर काँक्रीटचा एक शंकूच उचलून घेऊन येऊ पाहतो. शंकूचं टोक बोल्टाच्या बुडाशी, तोंड वरच्या पृष्ठभागाकडे. बोल्ट ४० सेंटिमीटर खोल असेल तर वरचं तोंड जवळजवळ १.२ मीटर रुंद होतं. पण आपला पेडेस्टल असतो ४५ सेंटिमीटरचा! इतका शंकू तिथे मावतच नाही, तो कडेतून बाहेर फुटणार. म्हणून पेडेस्टलमध्ये ओढ पेलतात त्या बोल्टांच्या शेजारून खाली जाणाऱ्या उभ्या सळया. बोल्ट ओढ काँक्रीटला देतो, काँक्रीट ती सळईला देतं, सळई खालच्या फुटिंगला. हा पल्ला पार पाडायला बोल्ट आणि सळई काही अंतर शेजारीशेजारी खाली जायला हवेत; बोल्ट आखूड ठेवला तर साखळीच तुटते.

पूर्वी बोल्टाला खाली इंग्रजी जे-आकाराचा आकडा करायची सर्रास पद्धत होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. ताणाला मात्र तो कमकुवत. जोराची ओढ आली की आकडा सरळ होत होत काँक्रीटमधून निसटतो. खाली नट आणि जाड चौकोनी पट्टी लावलेला सरळ बोल्ट केव्हाही बरा.

सगळ्यांत शेवटी ओढ घेणारं असतं ते नुसतं वजन. दोन मीटर चौरस आणि अर्धा मीटर जाड फुटिंग पाच टनांचं भरतं. त्यावर परत भरलेला मीटरभर मुरूम सातेक टनांचा. अशा बाराएक टनांच्या वजनाला ते हलकं छप्पर बांधलेलं असतं. जमिनीवर उभ्या शेडचं फुटिंग मोठं का, याचं उत्तर बहुधा खाली जाणाऱ्या भारात सापडत नाही. ते वर जाणाऱ्या ओढीत असतं.

आता परत फटीकडे. तिची खरी परीक्षा जड खांबाखाली होते. समजा त्याच भूखंडावर रसायनाची टाकी डोक्यावर घेतलेला एक खांब आहे, भार ४० टन, काटछेद आयएसएमबी-३००. या खांबाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ फक्त ५६ चौरस सेंटिमीटर. हा खांब पाटीशिवाय थेट काँक्रीटवर ठेवला तर दर चौरस सेंटिमीटरवर सातशे किलोंहून जास्त दाब येईल. पोलादाला त्याचं काहीच नाही. पण एम-२५ काँक्रीट प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यात अडीचशे किलोंना चिरडतं. खांब काँक्रीटमध्ये घुसेल. ४५ गुणिले ३५ सेंटिमीटरची पाटी मध्ये आली की तोच भार १,५७५ चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब उतरतो पंचवीस किलोंवर. इथे काँक्रीट निश्चिंत.

या पाटीची जाडी आयएस ८०० च्या सूत्राने काढली तर वीस मिलिमीटरच्या आसपास येते. सूत्राच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे: पाटीला खालून सगळीकडे सारखा टेकू आहे. फट रिकामी असेल तर तो नसतो. मग चाळीस टन चार कोपऱ्यांतल्या चार नटांवर येतात, एकेका नटावर दहा टन, आणि पाटी खाटेच्या निवारीगत मधून झोळत जाते, खांबाच्या खाली. नट आणि बोल्ट कदाचित तगतील. पाटी वाकेल, खांब काही मिलिमीटर खाली बसेल, आणि त्याच्याशी जोडलेल्या पाइपांना त्याची खबर आधी लागेल.

ती फट भरायला माल लागतो तो किती? ४५ गुणिले ३५ गुणिले ४ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासहा लिटर. कडेची थोडी वाढ धरली तरी पंचवीस किलोंच्या ग्राउटच्या अर्ध्या पोत्याच्या आसपास. चाळीस टनांचा भार जन्मभर अर्ध्या पोत्यावर उभा राहणार असतो. त्या अर्ध्या पोत्यात काय आहे, हे म्हणूनच पाहण्यासारखं आहे.

साधं सिमेंट-वाळूचं मिश्रण तिथे का चालत नाही? कारण ते आकसतं. ओतल्यावर जड कण खाली बसतात, पाणी वर येतं, आणि वर म्हणजे नेमकं पाटीच्या पोटाशी. ते पाणी उडून गेलं की तिथे पातळ पोकळी राहते. नंतर वाळतानाही मिश्रण आणखी आकसतं. बाहेरून पाहावं तर फट चांगली भरलेली, आत मात्र पाटी टेकलेलीच नाही. न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये यावर दोन युक्त्या असतात आणि दोन्ही मला थक्क करतात. पहिली, मिश्रण ओलं असतानाची. त्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असते. सिमेंटच्या अल्कलीशी तिची क्रिया होऊन हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात आणि खाली बसू पाहणारं मिश्रण वर उचललं जातं. हल्ली भिंतींना वापरतात ते हलके एएसी ब्लॉक याच क्रियेने फुगवलेले असतात. इथे तीच क्रिया अगदी आवरून घेतलेली.

दुसरी युक्ती घट्ट होतानाची. काही ग्राउटमध्ये असं संयुग असतं की ते पाणी घेऊन एट्रिंगाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक तयार करतं. या स्फटिकाच्या सूत्रात पाण्याचे बत्तीस रेणू बांधलेले असतात, त्यामुळे तो जागा फार घेतो आणि घेतलेल्या जागेने आकसणं भरून काढतो. हे खनिज पहिल्यांदा वर्णन केलं गेलं ते १८७४ साली, जर्मनीतल्या एट्रिंगनजवळच्या ज्वालामुखीच्या खडकात. तेच पुढे काँक्रीटच्या रोगांच्या यादीतही आलं: सल्फेट असलेल्या पाण्यात जुन्या काँक्रीटमध्ये ते उशिरा वाढलं तर काँक्रीट आतून तडकतं. ग्राउटमध्ये ते पहिल्या काही दिवसांत, चारी बाजूंनी कोंडलेल्या जागेत वाढतं, म्हणून उपयोगाचं ठरतं. वेळ बदलली की एकच खनिज तारतं किंवा मारतं.

ग्राउट टाकायचं काम पाहायला मिळालं तर सोडू नये. आदल्या दिवशी पेडेस्टलच्या माथ्याला टाचे मारून वरचा दुधाळ, कमकुवत थर काढलेला असतो आणि खाली खडी दिसू लागलेली असते. मग तो माथा रात्रभर ओला ठेवायचा. कोरडं काँक्रीट ग्राउटमधलं पाणी शोषून घेतं आणि तळचा थर भुसभुशीत राहतो. सकाळी मात्र साचलेलं पाणी फडक्याने टिपून काढायचं. ओल हवी, डबकं नको. पाटीभोवती फळ्यांचं कुंपण बांधतात आणि फळीच्या सांधी चिकटपट्टीने किंवा ओल्या मातीने बुजवतात, कारण पातळ ग्राउट मुंगीच्या वाटेनेही बाहेर पडतं. एका बाजूची फळी उंच आणि तिरपी ठेवतात, तिथून ओतायचं.

आणि ओतायचं फक्त त्या एकाच बाजूने. मिश्रण पाटीखालून सरकत पलीकडच्या कडेला निघतं आणि पुढच्या तोंडाने हवा ढकलत नेतं. घाई करून दोन्ही बाजूंनी ओतलं तर दोन लाटा मधोमध भेटतात आणि हवा त्यांच्यामध्ये अडकते; खांबाच्या बरोबर खाली, जिथे टेकू सर्वांत गरजेचा. पलीकडच्या कडेला ग्राउट पाटीच्या पोटाच्या वर येऊन उभं राहिलं की मिस्त्री थांबतो. त्या क्षणी बोल्टांभोवतीच्या भोकांतूनही करडं ग्राउट वर डोकावतं, आणि आतली वाट भरल्याची ती चांगली खूण असते. पाटी मोठी असेल तर मध्ये हवा निघायला भोकं आधीच पाडून ठेवावी लागतात. व्हायब्रेटर लावत नाहीत. त्याने जड कण वेगळे होऊन खाली बसतात.

पाणी किती घालायचं, हे पोत्यावर छापलेलं असतं. बहुतेक मालाला पंचवीस किलोंना चार लिटरच्या आगेमागे. इथेच सर्वाधिक बिघडतं. ग्राउट जरा जड वाटलं की मदतनीस मग्गाभर पाणी वाढवतो, ते छान वाहतं, आणि पाटीखाली वर आलेल्या पाण्याचा, फेसाचा थर राहतो. आयएस ८०० मध्ये पाटीखालच्या दाबाची मर्यादा ठरवताना काँक्रीट आणि मधला थर यांतली कमी ताकद धरायला सांगितली आहे. साधारण चांगलं ग्राउट काँक्रीटच्या दुपटीहून भक्कम असतं. पण मग्गाभर पाण्याने ते काँक्रीटच्या खाली उतरलं तर खांबाचा सगळा हिशेब त्या मग्ग्याने ठरतो.

खोपोली-कर्जतच्या पट्ट्यात पावसाळा आणखी एक खेळी करतो. बोल्टांना थोडी हालचाल मिळावी म्हणून काँक्रीट ओतताना त्यांच्या वरच्या भागाभोवती पाइपचा तुकडा ठेवतात. त्यामुळे बोल्ट दोन-चार मिलिमीटर हलवून पाटीच्या भोकात बसवता येतो. मे महिन्यात फुटिंग झाली आणि खांब यायला ऑगस्ट उजाडला, तर त्या पाइपांत पाऊस भरून राहतो. वरच्या आट्यांना ग्रीस फासून गोणपाट गुंडाळलेलं असलं तरी खाली, पाण्याच्या पातळीशी, बोल्ट गंजत असतो. ग्राउट टाकताना ते पाणी आतच राहिलं तर पाइप भरत नाही, किंवा पातळ झालेल्या ग्राउटने भरतो. म्हणून टोपी लावलेला पाइप आणि ओतण्याआधी हवेच्या नळीने फुंकून काढलेलं पाणी, हे पावसाळी मुलखात वगळण्यासारखे टप्पे नाहीत. पाताळगंगेच्या काठी तर पेडेस्टलची उंचीही विचाराने ठरवावी लागते. जुलै १९८९ मध्ये नदीचा पूर थेट रिलायन्सच्या कारखान्यात शिरला होता. पाटी जमिनीबरोबर ठेवली की चिखल तिच्याभोवती बसतो आणि बोल्ट तिथेच कुरतडले जातात.

ग्राउट नीट भरलं की नाही, हे नंतर कळतं ते हातोडीने. आठवडाभर ओलं ठेवून ते पुरतं घट्ट झाल्यावर पाटीवर इंच-इंच अंतराने हलके ठोके द्यायचे. खाली भरीव असेल तर ठोका ठक्क करून तिथेच मरतो. पोकळी असेल तर आवाज घुमतो, आणि हाताला हातोडी किंचित उसळलेली जाणवते. खडूने घुमणाऱ्या जागा आखत गेलं की पोकळीचा नकाशाच पाटीवर उमटतो. कडेला बोटभर पोकळी असेल तर चालून जातं. खांबाच्या खाली असेल तर पाटीला बारीक भोकं पाडतात, एका भोकातून पातळ इपॉक्सी दाबाने सोडतात आणि दुसऱ्यातून ते बाहेर येईपर्यंत थांबतात. मग भोकं बंद करून, खडू पुसून, तोच हातोडा पुन्हा फिरवतात.